ताशी तीनशेच्या गाडीत फोन सूर कसा धरतो

फ्रँकफर्टच्या विमानतळाच्या स्टेशनातून कोलोनकडे निघालेली आयसीई गाडी थोड्याच वेळात ताशी ३०० किलोमीटरचा वेग गाठते. मार्ग साधारण १८० किलोमीटरचा, २००२ साली सुरू झालेला, आणि बराचसा ए-३ महामार्गाला चिकटून जाणारा. चढ इतके तीव्र की इथे फक्त आयसीई-३ जातीच्या दमदार गाड्याच धावतात. वाटेत लिंबुर्ग, मोंटाबाउर, झिगबुर्ग आणि मध्ये डझनांनी बोगदे. आपल्यातले कितीतरी जण कामासाठी हा प्रवास आठवड्यातून दोन-दोनदा करतात. भारतात संध्याकाळ झालेली असते, म्हणून नेमका याच वेळी घरी फोन लावतात, आणि मग "हॅलो, ऐकू येतंय का?" हे वाक्य डब्यात चार भाषांमध्ये ऐकू येतं.

गेल्या वर्षी माझी आत्या नाशिकहून आली होती. तिला या गाडीतून नेलं. शेजारून दुसरी गाडी भपकन निघून गेल्यावर ती म्हणाली, "अरे, शाळेत आम्हाला शिकवलं होतं, गाडी जवळ येताना शिट्टीचा आवाज चढतो आणि लांब जाताना उतरतो. मग तू या गाडीतून मला फोन करतोस तेव्हा तुझा आवाज बारीक कसा होत नाही?"

आत्या बत्तीस वर्षं गणित शिकवत होती, त्यामुळे प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. मी मोबाईलच्या रेडिओ भागाच्या चाचण्या करतो, म्हणजे तिचा प्रश्न ही माझी नोकरीच आहे. गाडीत तिला जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, कारण कोलोन आलं. ते इथे सावकाश लिहितो.

शिट्टीचा तो नियम क्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ साली प्राग शहरात मांडला. ताऱ्यांच्या रंगांबद्दल ते बोलत होते, पण खरी परीक्षा झाली ती आगगाडीवरच. हॉलंडमध्ये १८४५ साली बॉइस बॅलॉट या शास्त्रज्ञाने उत्रेख्तजवळच्या रुळांवर वाफेच्या इंजिनामागे तुतारीवाले बसवले आणि काठावर सुरांचे चांगले कान असलेले वादक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा, लांब जाताना उतरा ऐकू आला आणि डॉपलर बरोबर ठरले. तुतारीच्या जागी फोन आणि वादकांच्या जागी टॉवर ठेवला, की आपला विषय सुरू होतो.

आधी आकडा किती ते पाहू. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. रेडिओलहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. या दोहोंचं गुणोत्तर काढलं तर दहा लाखांत ०.२८ भाग, एवढाच फरक वारंवारितेत पडतो. वारंवारिता म्हणजे सेकंदाला किती लाटा. टॉवरकडून फोनकडे येणारी लहर २.१४ गिगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २१४ कोटी लाटांची असेल, तर टॉवरकडे धावणाऱ्या फोनला दर सेकंदाला सुमारे ५९४ लाटा जास्त मोजाव्या लागतात. टॉवर मागे पडला की तेवढ्याच कमी. युरोपात ४जी ज्या पट्ट्यांवर चालतं त्यांतला हा एक नेहमीचा पट्टा आहे.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. फोनमध्ये आवाज लहरीवर सरळ स्वार होऊन जात नाही. त्याचे आधी आकडे होतात, आकड्यांची पाकिटं होतात, आणि पलीकडे त्या आकड्यांपासून पुन्हा आवाज घडवला जातो. लहर थोडी सरकली म्हणून आकडा बदलत नाही. तो एकतर जसाच्या तसा पोचतो किंवा पोचतच नाही. म्हणून वेगाच्या गाडीत आवाज बारीक होत नाही, तुटतो.

तो का तुटतो हे समजायला ४जीची रचना थोडी पाहावी लागते. टॉवर एकच जाडजूड लहर पाठवत नाही. संतूरच्या तारांसारख्या शेकडो बारीक लहरी शेजारी-शेजारी ठेवतो, प्रत्येकीत १५ हजार हर्ट्झचं अंतर. एका मिलिसेकंदात प्रत्येक तार चौदा वेळा छेडली जाते. अशा प्रत्येक छेडण्याला आम्ही सिंबॉल म्हणतो. माहिती असते ती लहर घड्याळाच्या काट्यासारखी कोणत्या दिशेला रोखलेली आहे यात. सगळ्यात साध्या पद्धतीत काट्याच्या चारच जागा असतात आणि काटा ४५ अंशांहून जास्त हलला की एका जागेची दुसरी जागा होते. जास्त माहिती कोंबायची असेल तर ६४ जागा वापरतात, आणि मग काटा थोडा जरी हलला तरी घोटाळा होतो.

आता ५९४ हर्ट्झची चूक म्हणजे हा काटा सेकंदाला ५९४ वेळा आपोआप गोल फिरतोय. एका सिंबॉलमध्ये तो सुमारे १५ अंश सरकतो. तीन सिंबॉल झाले की ४५ अंश, म्हणजे चार जागांची साधी पद्धतही कोलमडली. शेजारच्या तारांत आवाज झिरपण्याचा त्रासही होतो, पण १५ हजारांपुढे सहाशे म्हणजे चार टक्के, तो सोसता येतो. फिरणारा काटा मात्र सोसता येत नाही.

फोनला या फिरणाऱ्या काट्याची सवय फार आधीपासून आहे, आणि तिचा गाडीशी संबंध नाही. प्रत्येक फोनमध्ये क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक असतो. फोनचं सगळं ताल-सूर त्याच्यावर चालतं. स्फटिक स्वस्त असतो, उन्हात तापतो, थंडीत गारठतो, वर्षांनुसार म्हातारा होतो. दहा लाखांत दोन भाग चुकला तरी चांगला म्हणायचा. पण दोन भाग म्हणजे आपल्या लहरीवर चार हजार हर्ट्झहून जास्त! खिशात स्वस्थ पडलेल्या फोनची स्वतःची चूक ही ताशी तीनशेच्या गाडीने आणलेल्या चुकीच्या सातपट असू शकते. म्हणून फोन सुरू केल्याक्षणी पहिलं काम करतो ते सूर लावण्याचं. टॉवरच्या प्रसारणात ठरलेल्या जागी ठरलेले सिंबॉल पेरलेले असतात, त्यांना पायलट म्हणतात. त्यांचा काटा कुठे असायला हवा हे फोनला आधीच माहीत असतं. दोन पायलटांमध्ये काटा किती फिरला ते मोजायचं, मधल्या वेळेने भागायचं, आणि स्फटिकाचा सूर तेवढा वर किंवा खाली करायचा. तानपुऱ्याशी गळा लावून घ्यावा तसं हे सतत चालू असतं.

४जीमध्ये टॉवरचे पायलट एकमेकांपासून पाव मिलिसेकंदाच्या आसपास असतात. तेवढ्या वेळात आपला काटा साठेक अंश फिरतो. हे सहज मोजता येतं. फोनच्या बाजूने पाहिलं तर सरळ वाटेवरचा डॉपलर हा काही मोठा शत्रू नव्हे. अवघड जातं ते टॉवरला, आणि त्याचं कारण मजेदार आहे.

सूर लावताना फोनला हे कळत नाही की चूक आपल्या स्फटिकाची किती आणि गाडीची किती. दोन्ही मिळून जो फरक दिसतो तो सगळा तो स्वतःच्या अंगावर घेतो. टॉवरकडे धावताना टॉवरचा सूर त्याला चढा ऐकू येतो, म्हणून तो स्वतःही चढा सूर लावून बसतो. नियमच असा आहे की फोनने ऐकलेल्या सुराशी दहा लाखांत ०.१ भागाच्या आत जुळवूनच बोलायचं. मग हा चढा लावलेला फोन उलट बोलू लागला की त्याची लहर धावत्या गाडीतून टॉवरकडे जाते आणि तिच्यावर पुन्हा एकदा डॉपलर चढतो. म्हणजे टॉवरला चूक दुप्पट दिसते. फोनकडून टॉवरकडे जाणारा पट्टा थोडा खालचा, १.९५ गिगाहर्ट्झचा असतो. तिथे एकेरी चूक सुमारे ५४२ हर्ट्झ आणि दुहेरी सुमारे १०८३. दर्जे ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या टॉवरच्या चाचणीत ताशी ३५० किलोमीटरसाठी १३४० हर्ट्झ हा आकडा दिलेला असतो, तोही असा दुप्पट केलेलाच आहे. नवीन इंजिनीअर तो पहिल्यांदा वाचताना नेहमी म्हणतात की छपाईत चूक झाली असावी.

याच आकड्यापाशी घडलेला एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे चाचणीला टॉवरचं एक यंत्र आलं होतं. कुणाचं ते सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. आमच्या प्रयोगशाळेत गाडी नसते, एक पेटी असते. फोन आणि टॉवर यांच्यामधली केबल त्या पेटीतून जाते आणि ती पेटी लहरीला हवा तेवढा डॉपलर लावते. ताशी २०० ला यंत्र उत्तम चाललं, २५० ला उत्तम, २७० लाही उत्तम. २८० केलं आणि फोनकडून येणारं प्रत्येक पाकीट नापास होऊ लागलं. हळूहळू बिघडणं नाही, एकदम भिंत. सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे टॉवरच्या पडद्यावर सिग्नल जोरदार होता, पायलटही स्वच्छ दिसत होते. मोजलेली चूक मात्र लिहिली होती, उणे ९८९ हर्ट्झ. आम्ही तर अधिक लावली होती.

कारण असं. फोनकडून येणाऱ्या बाजूला ४जीचे पायलट दर अर्ध्या मिलिसेकंदाला एकदाच येतात. तेवढ्या वेळात १००० हर्ट्झची चूक काट्याला बरोबर अर्धा फेरा फिरवते. त्याच्या पुढे गेलं की काटा उजवीकडून अर्ध्याहून थोडा जास्त फिरला की डावीकडून अर्ध्याहून थोडा कमी, हे फक्त दोन क्षण पाहणाऱ्याला सांगता येत नाही. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तसंच. आपल्या पट्ट्यावर दुहेरी चूक १००० हर्ट्झ होते ती ताशी २७७ किलोमीटरला, आणि आमची भिंत नेमकी तिथेच होती. २८० ला खरी चूक अधिक १०११, ती यंत्राला दिसली उणे ९८९. त्याने ती "दुरुस्त" केली आणि खरी चूक २००० हर्ट्झ होऊन बसली. २००० म्हणजे दोन पायलटांमध्ये काट्याचा पूर्ण एक फेरा, म्हणून पायलट पुन्हा जागच्या जागी, अगदी निर्मळ. मधल्या सिंबॉलमध्ये मात्र काटा प्रत्येक पावलाला ५१ अंश फिरलेला. म्हणजे परीक्षक ज्या दोन जागी पाहतो तिथे सगळं ठीक आणि मधलं सगळं चुकीचं.

यावर उपाय घड्याळाचा आहे. मिनिटकाटा नेमकी वेळ सांगतो, पण किती वाजले ते सांगत नाही. तासकाटा ढोबळ असतो, पण तास चुकत नाही. टॉवरला असा एक तासकाटा लागतो. ४जीमध्ये प्रत्येक सिंबॉलच्या शेपटाची एक प्रत त्याच्याच तोंडाला जोडलेली असते. प्रतिध्वनींचा त्रास टळावा म्हणून ती ठेवलेली आहे, पण तोंड आणि शेपूट मूळचं एकच असल्याने त्यांच्यातला काट्याचा फरकही मोजता येतो. या दोघांमधला वेळ मिलिसेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग, त्यामुळे ७५०० हर्ट्झपर्यंत फेऱ्याचा गोंधळ होत नाही. मोजमाप ओबडधोबड येतं, आणि एका टॉवरवर अनेक फोन बोलत असल्यामुळे आधी त्या फोनचा वाटा वेगळा करावा लागतो. पण "अधिक हजार की उणे हजार" एवढं सांगायला ते पुरतं. बारकावा मग पायलटांकडून घ्यायचा. जोडीला आठवण ठेवायची. चारशे टनांची गाडी एका मिलिसेकंदात वेग उलटा करू शकत नाही, तेव्हा आत्ता अधिक ९९० असेल तर पुढच्या क्षणी उणे ९९० असणं अशक्य आहे. त्या यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत अशी दुरुस्ती आली आणि भिंत गेली.

चिन्ह उलटतं ते फक्त टॉवर ओलांडताना, आणि तेव्हाही शून्यावरून जाऊन. किती झटकन, ते टॉवर रुळांपासून किती लांब आहे यावर ठरतं. टॉवर ५० मीटर बाजूला असेल तर अधिकाकडून उणेकडे जायला दोनेक सेकंद मिळतात. खांब रुळांपासून दोन मीटरवर असेल तर तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. फोनची सूर लावणारी यंत्रणा जितकी चपळ करावी तितकी ती गोंगाटालाही दचकते. शांत ठेवावी तर वळण चुकते. इथे सुवर्णमध्य काढणं हे खरं कसबाचं काम, आणि प्रत्येक चिप बनवणारा आपला आकडा लपवून ठेवतो.

एवढं करूनही एक जागा उरते जिथे सूर लावून भागत नाही. ताशी तीनशेने गाडी एक किलोमीटर बारा सेकंदांत कापते. दर बारा सेकंदांनी एका टॉवरकडून दुसऱ्याकडे फोन सोपवत राहिलं तर सोपवण्यातच वेळ जाईल. म्हणून रुळांकडेचे अनेक खांब एकच टॉवर असल्यासारखे एकाच वेळी एकच प्रसारण करतात. सोय चांगली, पण दोन खांबांच्या बरोबर मधोमध फोनला पुढच्या खांबाचा सूर ५९४ ने चढा आणि मागच्याचा ५९४ ने उतरा, दोन्ही सारख्याच जोराने ऐकू येतात. दोन तानपुरे वेगवेगळ्या सुरात लावून मध्ये गवई बसवावा तसं हे. सरासरी काढली तर शून्य येते आणि ती दोघांशीही जुळत नाही. दोन लहरी कधी एकमेकींना पुसतात, कधी दुप्पट करतात, सेकंदाला सुमारे बाराशे वेळा.

अशा ठिकाणी फोनला सूर बदलून उपयोग नाही, ऐकण्याची पद्धत बदलावी लागते. एरवी तो गोंगाट कमी करायला बऱ्याच पायलटांची सरासरी घेतो. इथे सरासरी सोडून एका पायलटापासून दुसऱ्यापर्यंत लहर कशी वर-खाली गेली त्याची रेघ काढायची आणि त्या रेघेवरून मधले सिंबॉल वाचायचे. यात जास्त वीज जाते आणि घरी बसलेल्या फोनला त्याने तोटाच होतो. म्हणून ४जीच्या २०१७ च्या सुमाराच्या आवृत्तीपासून टॉवर सांगू शकतो की "हा रेल्वेमार्ग आहे, तसं ऐक." ५जीच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये याहून एक पाऊल टाकलं आहे. खांबच आपला सूर आधी मुद्दाम सरकवून पाठवतात, म्हणजे गाडीपर्यंत पोचताना दोघांचा सूर एक होतो. अर्थात त्यासाठी फोन आणि खांब दोन्ही नवे लागतात.

आता व्यवहाराचं. गाडीत फोन तुटला की दोष डॉपलरला देऊ नका, बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. आयसीईच्या खिडक्यांना ऊन अडवण्यासाठी धातूचा अतिपातळ थर दिलेला असतो आणि तो लहरीलाही अडवू शकतो. डोंगर कापून काढलेल्या खिंडी आहेत, बोगदे आहेत, आणि पाचशे माणसं एकदमच पुढच्या टॉवरवर जाऊन आदळतात ते वेगळंच. ओळखायचं असेल तर साधी खूण आहे. पट्ट्या कमी होऊन फोन तुटला तर ती काच किंवा डोंगर. पट्ट्या भरलेल्या असून काही हलत नाही, आणि गाडी स्टेशनात थांबल्यावरही तसंच राहतं, तर ती गर्दी. पट्ट्या भरलेल्या, गाडी हळू झाली की सगळं सुरळीत आणि त्याच जागी वेगात पुन्हा बंद, असं वारंवार झालं तरच डॉपलरवर संशय घ्यायला जागा आहे. गाडीचं वाय-फाय वापरलंत तर तुमच्या फोनला डॉपलर लागतच नाही, कारण वाय-फायची पेटी तुमच्याबरोबरच धावते. छपरावरच्या अँटेनाला मात्र सगळं झेलावं लागतं. पण ती काचेच्या बाहेर आहे, हाच तिचा मोठा फायदा.

आत्याने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं की मुंबई-अहमदाबाद गाडी सुरू झाल्यावर हेच सगळं तिथेही होणार का. ती गाडी ताशी ३२० ने धावायची आहे, म्हणजे टॉवरची दुहेरी चूक आपल्या पट्ट्यावर साडेअकराशेच्या पुढे जाईल. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतच्या २१ किलोमीटरच्या बोगद्यात, ज्याचा सात किलोमीटर भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो, गोष्ट वेगळी असू शकते. अशा लांब बोगद्यांत बहुधा टॉवर नसतो. भिंतीवरून एक जाड केबल जाते, तिच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर चिरा दिलेल्या असतात आणि त्यांतून लहर थोडीथोडी पाझरते. गाडीला ती समोरून नव्हे तर मुख्यतः बाजूने, पलीकडच्या भिंतीवरून मिळते. बाजूने येणाऱ्या लहरीकडे गाडी धावतही नाही आणि तिच्यापासून पळतही नाही. मी तिला म्हटलं, "आत्या, काटकोनाची कोसाइन किती?" ती म्हणाली, "शून्य. म्हणजे समुद्राखालून फोन जास्त नीट लागणार?"

वेगापुरतं बोलायचं तर, हो.